गटानं काजू फॅक्टरी काढायची तर आधी बी घ्यायला शिका

बचत गटानं किंवा शेतकऱ्यांच्या कंपनीनं मिळून काय धंदा काढावा अशी चर्चा निघाली की आमच्या बेळगाव-खानापूर भागात पापड, शेवया, मसाला, शिलाई एवढ्यावरच बोलणं थांबतं. आणि इकडं जांबोटी, कणकुंबी, बैलूरपासून बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावांपर्यंत काजूची बी पोत्यात भरून कच्चीच व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढते, फोडायला पलीकडं चंदगडला नाहीतर गोव्याकडं जाते आणि तोच गर दिवाळीला आपण बेळगावच्या दुकानातनं आठशे-हजार रुपये किलोनं आणतो. त्यामुळं आपणच का फोडू नये हा प्रश्न येतोच आणि तो बरोबर पण आहे. फक्त बहुतेक गट मशीनच्या कोटेशनपासून सुरुवात करतात, आणि हा धंदा बुडतो तो मशीनमुळं फार क्वचित, बुडतो तो मार्च ते मे बी कशी घेतली त्याच्यामुळं. म्हणून आज तेवढंच नीट समजून घेऊया.

फॅक्टरीत काय होतं ते आधी पटकन सांगतो. वाळलेली बी वाफेवर शिजवतात, एक रात्र थंड होऊ देतात, मग हातापायानं चालवायच्या कटरवर एकेक बी कापून आतला गर सालीसकट काढतात, तो गर बोर्म्यात म्हणजे गरम हवेच्या कपाटात ६५-७० डिग्रीवर सहा-आठ तास वाळवतात, मग लाल साल सोलतात, आणि शेवटी अख्खा, पाकळी, तुकडा असं वेगळं करून पॅक करतात. अख्ख्या गराचे पुन्हा नंबर असतात, डब्ल्यू १८०, २४०, ३२० असे, म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात, नंबर जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. एवढं सगळं शिकायला गटातल्या बायकांना एक हंगाम पुरतो, त्याची भीती नको.

खरी गोष्ट आहे उताऱ्याची. आपल्याकडं ढोबळ बोलतात की चार किलो बीला एक किलो गर. ते बऱ्यापैकी खरं आहे, पण त्या "बऱ्यापैकी" मध्येच गटाचा सगळा नफा असतो, कारण १०० किलो बीतनं २४ किलो गर निघाला तर गट टिकतो आणि २२ निघाला तर सगळ्यांनी मिळून वर्षभर राबून हातात काही उरत नाही. आणि ही २४ की २२ ची गोष्ट पोतं काट्यावर चढतं तेव्हाच ठरलेली असते, नंतर कितीबी चांगलं कापलं तरी आत नसलेला गर बाहेर येत नाही.

पहिली फसगत ओलाव्याची. झाडाखालनं वेचून बोंडू काढून लगेच आणलेल्या बीत १५-१६ टक्के पाणी सहज असतं, वळीव पडून गेला असेल तर त्याहून जास्त, आणि साठवायला आपल्याला पाहिजे ८-९ टक्के. समजा १६ टक्के ओलाव्याची १०० किलो बी तुम्ही १२५ रुपयांनी घेतली म्हणजे साडेबारा हजार दिले. ती साडेआठ टक्क्यापर्यंत वाळवली की उरते ९२ किलोच्या आसपास. म्हणजे वाळलेल्या बीचा खरा भाव पडला १३६ रुपये, किलोमागं ११ रुपये तुम्ही पाण्याचे दिले. ओलाव्याचं मीटर मिळतं आणि गटानं मिळून एक घ्यावंच, पण मीटर नसलं तरी हाताला कळतं. वाळलेली बी मुठीत हलवली की खुळखुळ वाजते, नखानं दाबली तर सालीवर वळ उठत नाही. ओली बी मुकी असते आणि नख रुततं.

दुसरी गोष्ट कापून बघायची, व्यापारी लोक ह्याला कटिंग टेस्ट म्हणतात आणि आपल्या दारात ती ते कधी करत नाहीत, ते त्यांच्या गोडाऊनला करतात. सगळ्या पोत्यांतनं, वरनं, मधनं, तळातनं मूठमूठ बी काढायची, एकत्र करून ढीग करायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग घ्यायचे, असं करत करत शेवटी बरोबर एक किलो ठेवायची. ती आधी मोजायची. किलोत १३० च्या आसपास बिया भरल्या तर वेंगुर्ला ४ सारखं कलम, शंभराला किलो झाला तर वेंगुर्ला ७, आणि दोनशेच्या पुढं गेलं तर बारीक गावठी बी, तिच्यातनं २४० नंबर फारसा निघायचा नाही. मग एकेक बी उभी कापून आतला गर काढून तीन ढीग करायचे. पांढरा टणक भरलेला गर एका बाजूला, डाग पडलेला किंवा अर्धवट सुकलेला दुसऱ्या बाजूला, आणि काळा, बुरशी आलेला, किडका, पोकळ हा तिसरा. पहिल्या ढिगाचं वजन पूर्ण धरायचं, दुसऱ्याचं निम्मं धरायचं, तिसरं सोडून द्यायचं. कच्ची बी कापताना चिकाची चिळकांडी उडते, तो चीक कातडी भाजतो, म्हणून हातमोजे आणि डोळ्याला चष्मा घातल्याशिवाय हे करायला बसू नये.

एक पोतं कापून बघूया. समजा गटाच्या खळ्यावर गावातलेच तात्या पोतं घेऊन आलेत.

"तात्या, ही कधी वेचलेली?"

"आठवडा झाला की गो, वाळलीय चांगली, बघ वाजतीय."

"वाजतीय खरं. तरी एक किलो कापून बघते, रागावू नका, सगळ्यांचीच कापतोय आम्ही."

किलोत १९० बिया भरल्या. चांगला गर निघाला २३५ ग्रॅम, डागाचा ३० ग्रॅम त्याचे निम्मे १५, म्हणजे एकूण २५० ग्रॅम. ह्याच्या शेजारी काकींची बी कापली, तिचा चांगला गर २६५ आणि डागाचा २० त्याचे निम्मे १०, एकूण २७५ ग्रॅम. दोन्ही पोती वरनं बघितली तर सारखीच, रंग सारखा, वाजतात सारखी. व्यापारी हे पौंडात बोलतो, ८० किलोच्या पोत्यात किती पौंड गर असा त्याचा हिशोब, त्यात तात्यांची बी ४४ पौंडाची आणि काकींची साडेअठ्ठेचाळीसची. कुणी फोनवर "कितीचा आउटटर्न हाय?" असं विचारलं तर हाच आकडा सांगायचा असतो. हे कापलेल्या गराचं वजन सालीसकट आणि थोडं ओलं असतं, बोर्म्यात वाळून आणि लाल साल जाऊन त्यातलं १० ते १२ टक्के कमी होतं. म्हणजे क्विंटलला काकींच्या बीतनं विकायचा गर २४ किलो, तात्यांच्यातनं २२.

आता पैशाचा हिशोब करूया. खालचे भाव मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही त्या दिवसाचे घाला, गणित तेच राहतंय.

वाळलेली १०० किलो बी १२५ नं घेतली, १२,५०० रुपये. गर २४ किलो. त्यातला अख्खा ६५ टक्के म्हणजे १५.६ किलो, सगळ्या नंबरांचा सरासरी ठोक भाव ७८० धरला तर १२,१६८ रुपये. पाकळी ४.८ किलो ६८० नं ३,२६४. तुकडा ३ किलो ५२० नं १,५६०. उरलेला ०.६ किलो हलका माल २०० नं १२०. टरफल साधारण ७० किलो निघतं, तेलवाले घेऊन जातात, ८ रुपये धरले तर ५६०. सगळे मिळून १७,६७२ रुपये आले. खर्च बघा, बी १२,५००, कापणं-सोलणं-निवडणं ह्याची मजुरी गराच्या किलोमागं ६० धरली तर १,४४०, जळण, वीज, पॅकिंग किलोमागं ३० प्रमाणं ७२०, गाडीभाडं आणि विक्रीचा खर्च १५ प्रमाणं ३६०, आणि बीत अडकलेल्या पैशाचं १२ टक्क्यानं सरासरी सहा महिन्यांचं व्याज ७५०. झाले १५,७७०. उरले १,९०२ रुपये क्विंटलमागं, आणि ह्यातनंच शेडचं भाडं, मशीनची झीज, हिशोब लिहिणाऱ्या पोरीचा पगार काढायचाय.

ह्या १,९०२ वर तीन वेगवेगळे धक्के देऊन बघूया. पहिला धक्का, कापणाऱ्या हातांना अजून सवय नाही, अख्खा गर ६५ च्या जागी ५० टक्केच निघाला, बाकीचा निम्मा पाकळीत निम्मा तुकड्यात गेला. नुकसान होतं ६४८ रुपये, तरी साडेबाराशे उरतात. दुसरा धक्का, तात्यांची बी काकींच्याच भावानं घेतली, उतारा २४ च्या जागी २२. विक्री १,४२६ नं घटते, दोन किलोची मजुरी-पॅकिंग-गाडी २१० वाचते, नुकसान १,२१६, उरले ६८६. तिसरा, हंगामात दुसऱ्या व्यापाऱ्याशी चढाओढ लागली आणि बी १२५ च्या जागी १४० नं घेतली, पंधराशे जादा आणि वरचं ९० रुपये व्याज, उरले ३१२. आणि दुसरा-तिसरा एकदम आले की सरळ तोटा, मशीन कितीबी भारी असू दे.

म्हणजे हात बसायच्या आधी गर तुटतो त्याची लोक फार काळजी करतात, पण पोत्याची पारख चुकली तर नुकसान त्याच्या दुप्पट असतं. ह्यावरनं भाव कसा लावायचा ते पण निघतं. काकींच्या बीला १२५ दिले तर तात्यांच्या बीला साधारण ११-१२ रुपये कमी म्हणजे ११३-११४ दिले तर गटाला दोन्ही सारखीच परवडतात, म्हणजे आउटटर्नच्या एका पौंडाला बीच्या किलोमागं अडीच रुपयांच्या आसपास फरक. हा फरक हंगामाच्या आधी मीटिंगमध्ये ठरवून, पाटीवर लिहून खळ्यावर लावायचा. मग तात्यांना राग आला तरी तो पाटीवर येतो, कापणाऱ्या बाईवर येत नाही. आणि डाग कशामुळं पडतो ते तात्यांना तिथंच दाखवायचं, बहुतेक वेळा झाडावरनं कच्ची हिसकून काढलेली नाहीतर वळवाच्या पावसात खाली पडून राहिलेली बी असते, पुढच्या वेळी दोन दिवसाआड वेचली तर तेच झाड काकींच्यासारखा भाव देतंय.

आता गटाच्या आतला खरा पेच. शेतकऱ्यांची कंपनी बी देणार आणि महिला गट फोडणार असं जोडकाम असेल तर, आणि आपल्याकडं तेच सगळ्यात बरं बसतं, बी देणाऱ्याला वाटतं भाव जास्त पाहिजे, फोडणाऱ्याला वाटतं मजुरी जास्त पाहिजे, आणि दोघांचे पैसे त्याच १७,६७२ मधनं येणार. बरेच गट इथं सभासद खूश राहावेत म्हणून सुरुवातीलाच बाजारापेक्षा पाच-दहा रुपये जादा देऊन बसतात. ते देऊ नका. काट्यावर त्या दिवसाचा बाजारभाव द्या, पौंडाप्रमाणं, आणि रोख द्या. जादाचे पैसे गर विकून झाल्यावर, वर्षाचा हिशोब करून, ज्यानं जितकी बी दिली त्या प्रमाणात द्या. उत्पादक कंपनीच्या कायद्यात ह्याला सोय आहे, मालाच्या किमतीतला काही भाग मागं ठेवून नंतर द्यायचा, आणि व्यवहाराच्या प्रमाणात बोनस वाटायचा. शेअर किती घेतलेत त्यावर नाही तर माल किती घातला त्यावर, हे मला फार योग्य वाटतं, कारण बी पलीकडच्या व्यापाऱ्याला घालायची आणि इथं नुसता शेअर धरून बसायचं असं मग कुणाला परवडत नाही. ही कंपनी काढायला दहा उत्पादक सभासद पुरतात, पण दहा जणांच्या बीवर फॅक्टरी चालत नाही ते पुढं बघूच.

मजुरी मात्र नफ्यावर ठेवायची नाही. बाई आठवड्याला कामाचे पैसे घेऊन घरी गेली पाहिजे. दर कसा लावता त्यावर माल ठरतो. सगळ्या गराला एकच दर लावला तर वेगात कापतात आणि तुकडा वाढतो, फक्त अख्ख्यालाच दर लावला तर डागाची, पोचट बी वाट्याला आलेल्या बाईवर अन्याय होतो, ती बी तिनं थोडीच घेतलीय. अख्ख्याला पूर्ण दर आणि तुटलेल्याला थोडा कमी दर, आणि सगळ्यांना एकाच लॉटमधली बी वाटून, ह्यानं भांडणं कमी होतात. हातमोजे आणि हाताला लावायचं तेल गटाच्या खर्चातनं द्यायचं, चिकानं बोटं काळी पडतात, सोलून निघतात, पोरगी मग लग्नाच्या बोलण्याला हात लपवते, हे आपल्या भागात सगळ्यांनी बघितलंय.

मशीनवर काय चुकतं ते पण थोडं सांगतो, कारण चूक ओळखता आली पाहिजे. बी कमी शिजली तर टरफल कापताना चिवट लागतं, चीक गरावर येतो आणि गर मधनंच फुटतो. जास्त शिजली तर गर आधीच पिवळट-तपकिरी निघतो आणि तो पांढऱ्याच्या भावात जात नाही. म्हणून लहान आणि मोठी बी एकत्र शिजवायची नाही, चाळून दोन-तीन साइज करायचे आणि प्रत्येकाला वाफेचा वेळ वेगळा ठेवायचा. बोर्म्यात कमी वाळला तर लाल साल निघत नाही, बायका सुरीनं खरवडतात आणि गराला ओरखडे पडतात. जास्त वाळला तर सोलताना पाकळ्या होतात. ट्रे मधे मधे खालचे वर करायचे, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाइट जाते म्हणून फॅन बंद पडला तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं.

आता किती मोठं काढायचं. दहा बायकांचा गट आणि वर्षाला १०० क्विंटल बी धरा. गर निघणार २,४०० किलो, मजुरी १,४४,००० रुपये, दहाजणींना वाटली तर एकीला वर्षाला १४,४०० रुपये. शेवटी उरणारे १,९०,२०० त्यातनं भाडं, हिशोबनीस, बँकेचा हप्ता गेला की लाखभर राहिले तरी नशीब. हे आकडे मी मुद्दाम असे मांडतोय, कारण १०० क्विंटल ऐकायला मोठं वाटतं, साडेबारा लाख रुपये बीत घालावे लागतात, आणि तरी ते जोडधंद्यापुरतंच आहे. दहाजणींना खरोखर पोटापाण्याचं काम पाहिजे असेल तर ह्याच्या तिप्पट-चौपट बी पाहिजे, म्हणजे चाळीस-पन्नास लाख फक्त बीला. मशीनला बँक आणि योजना दोन्ही मिळतात, बीला पैसे मिळणं अवघड जातं. खेळत्या भांडवलाची सोय मशीनच्या आधी करायची ती ह्याचसाठी, कारण बी दोन-अडीच महिनेच येते, ती एकदम घ्यावी लागते, आणि गर थोडा थोडा करत दिवाळीपर्यंत विकायचा असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या हंगामाला एकबी मशीन घेऊ नका. एक सिमेंटचं खळं, ताडपत्र्या, काटा, ओलाव्याचं मीटर, कापून बघायची हाताची कात्री, आणि पाऊस न गळणारी एक खोली एवढंच. सभासदांची ओली बी घ्या, दोन-तीन दिवस उन्हात पातळ पसरून वरखाली करत वाळवा, कापून बघा, पौंडाप्रमाणं वेगवेगळी थप्पी लावा, आणि फॅक्टरीवाल्याला "४८ पौंडाची, साडेआठ ओलाव्याची इतकी पोती आहेत, येऊन कापून बघा" असं सांगून विका. सरमिसळ मालापेक्षा अशा मालाला भाव जास्त मागता येतो, आणि त्यापेक्षा मोठं म्हणजे तुमच्या गावच्या बीचा खरा उतारा किती, कुठल्या वाडीची बी कशी, हे तुमच्या वहीत येतं. दुसऱ्या वर्षी त्यातली थोडी बी कुणातरी फॅक्टरीत मजुरीनं फोडून घ्या आणि गर स्वतः विकून बघा. गिऱ्हाईक कोण, पाकळी कुठं खपते, मिठाईवाला काय घेतो हे कळलं, की तिसऱ्या वर्षी कुकर आणि कटर आणा.

साठवणीत एक चूक नेहमी होते. जूनमध्ये कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कसा लागतो हे माहीत असूनसुद्धा पोती भिंतीला टेकवून फरशीवर रचतात. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि वाळवलेली बी पूर्ण थंड झाल्यावरच पोत्यात, गरम भरली की आत घाम सुटतो. दर पंधरवड्याला चार पोत्यांतली बी कापून बघायची. गराच्या कडा पिवळट दिसायला लागल्या किंवा वास खवट आला की ती थप्पी आधी फोडायला काढायची.

आणि सीमेवर राहतो म्हणून आपल्याला एक जादाचा घोर आहे. चंदगड आपल्याला शेजारचं गाव वाटतं, पण कायद्याला ते दुसरं राज्य. कर्नाटकात मालाच्या व्यापाराला ४० लाखाच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे खरं, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, आणि काजूची बी आणि गर दोन्हीवर ५ टक्के आहे. शेतकऱ्यानं स्वतःची बी नेऊन विकली तर गोष्ट वेगळी, गटानं गोळा करून पलीकडं विकली की गट व्यापारी ठरतो. आणि एकदा नोंदणी झाली की शेतकऱ्याकडनं घेतलेल्या बीवरचा ५ टक्के कर पण गटालाच आधी भरावा लागतो, तो नंतर गराच्या करातनं वळता होतो, पण मधल्या काळात तेवढे पैसे अडकतात. पन्नास हजारावरचा माल गाडीत असेल तर ई-वे बिल पाहिजे. हे सगळं एका कर सल्लागाराकडं मार्चच्या आधी बसून करून घ्यायचं.

भावाच्या बाबतीत पण तसंच. गोव्यात सरकार काजूला आधारभाव देतं, महाराष्ट्रानं २०२४ च्या हंगामाला किलोमागं १० रुपये अनुदान जाहीर केलं, आणि मग आपल्याकडचा सभासद म्हणतो तिकडं इतका मिळतोय तुम्ही का देत नाही. ते पैसे तिथल्या सरकारनं तिथल्या शेतकऱ्याला दिलेले, ते आपल्या बीला लागत नाहीत, आणि गटानं ते आपल्या खिशातनं भरायला गेलं तर वरचे ३१२ रुपये पण राहणार नाहीत. हे एप्रिलमध्ये काट्यावर भांडत सांगण्यापेक्षा जानेवारीच्या मीटिंगमध्ये सांगावं.

योजनेचं म्हणाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, पीएमएफएमई, २०२० पासून आहे, त्यात बँक कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, आणि बचत गटाच्या सभासदाला खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीजभांडवल अशी सोय ठेवलेली. ही बीजभांडवलाची गोष्ट आपल्याला जास्त कामाची, कारण अडचण बीच्या पैशाचीच आहे. पण त्या योजनेत बेळगाव जिल्ह्याचं उत्पादन गूळ धरलेलं आहे, म्हणून काजूचा अर्ज कसा बसतो आणि योजनेची मुदत कुठवर आहे हे रयत संपर्क केंद्रात आणि पंचायतीच्या संजीवनी महिला संघाकडं आधी विचारा. अर्ज कन्नडमध्ये असतात, गटात कन्नड वाचता-लिहिता येणारी एक सून किंवा कॉलेजची पोरगी सही करणाऱ्यांत घ्याच, म्हणजे आपण कशावर सही करतोय ते वाचून कळतंय. खाद्यपदार्थाची एफएसएसएआय नोंदणी मात्र गर पॅक करून विकायला लागायच्या आधी पाहिजेच.

ह्या जानेवारीत बसणार असाल तर एक वही घाला आणि तिच्यात रकाने आखा: तारीख, कुणाची बी, कुठल्या वाडीतली, किती किलो, ओलावा, किलोत किती बिया, चांगला गर, डागाचा गर, पौंड, दिलेला भाव. त्याच्या पुढं आणखी एक रकाना आत्ता मोकळा ठेवा, त्यात नंतर त्या थप्पीतनं खरा गर किती निघाला ते लिहायचं, आणि कापून बघितलेल्या आकड्यात आणि खऱ्या गरात फरक १२ टक्क्यांच्या वर जायला लागला की समजायचं, एकतर नमुना वरवरनं घेतला जातोय नाहीतर बोर्मा आणि सोलणं ह्या दोन्हीच्या मधे कुठंतरी गर कमी होतोय.